मापाचे वायपर, मापाचे सीट कव्हर

स्विफ्ट हे नाव एकच असले तरी भारतातल्या रस्त्यांवर त्या नावाच्या चार वेगवेगळ्या गाड्या धावतात. पहिली २००५ साली आली, दुसरी २०११ साली, तिसरी फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि चौथी मे २०२४ मध्ये. प्रत्येक वेळी गाडीचा सांगाडा, काचा आणि सीट नव्याने घडवल्या गेल्या. त्यामुळे ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ‘स्विफ्टचे वायपर द्या’ किंवा ‘स्विफ्टचे सीट कव्हर दाखवा’ असे म्हटले की दुकानदाराला अर्धीच माहिती मिळते. उरलेली अर्धी तो अंदाजाने भरतो, आणि वस्तू बसत नाही किंवा बसल्यासारखी दिसून नीट काम करत नाही, याचे मूळ बहुतेक वेळा या अंदाजात असते. वॅगनआरचीही तीच गोष्ट. १९९९, २०१० आणि २०१९ या तीन पिढ्यांत नावाशिवाय फारसे काही सारखे राहिलेले नाही. ह्युंदाईची आय१०, ग्रँड आय१० आणि ग्रँड आय१० निऑस या तर तीन निराळ्या गाड्या. त्यांपैकी पहिल्या दोन काही वर्षे शेजारी शेजारी विकल्या जात होत्या, तरी काउंटरवर तिन्हींना सर्रास ‘आय टेन’च म्हटले जाते.

म्हणून पहिले काम म्हणजे गाडीची पिढी नक्की करणे. नोंदणीचे वर्ष त्यासाठी पुरेसे नाही. नवे मॉडेल बाजारात आले तरी जुन्याचा उरलेला साठा पुढे काही आठवडे विकला जातो. त्यामुळे २०२४ सालची नोंदणी असलेली स्विफ्ट तिसऱ्या पिढीची असू शकते, तशी चौथ्या पिढीचीही. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते पाहावे. स्विफ्टच्या बाबतीत एक सोपी खूणही आहे. तिसऱ्या पिढीत मागच्या दाराची मूठ खिडकीमागच्या खांबात लपवलेली होती, चौथ्या पिढीत ती पुन्हा दारावर, नेहमीच्या जागी आली. पिढीनंतर गाडीचा प्रकार पाहायचा. बेस मॉडेल, मधले मॉडेल आणि टॉप मॉडेल यांची समोरची काच एकच असते, पण मागचा वायपर, हेडरेस्ट, दुभंगणारी मागची सीट या गोष्टी प्रकारानुसार बदलतात. प्रकाराचे नाव बहुतेक वेळा आरसीवर मॉडेलच्या रकान्यातच सापडते.

वायपरमध्ये तीन गोष्टी जुळाव्या लागतात: लांबी, दांड्याच्या टोकाची जोडणी आणि काचेची वक्रता. लांबी बाजारात इंचांत सांगितली जाते आणि खोक्यावर बहुधा मिलिमीटरमध्येही छापलेली असते. व्यवहारात एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर धरतात, म्हणून ४०० मिमीचे ब्लेड १६ इंची आणि ६०० मिमीचे २४ इंची ठरते. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत माप दिलेले असेल तर तेच घ्यावे. नसेल तर आधीचे ब्लेड मोजावे, मात्र त्यातले रबर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायचे. वरची पट्टी किंवा प्लास्टिकची टोपी धरायची नाही. समजा टेप ५२५ मिमी दाखवतो. मग हवे ते ब्लेड २१ इंची. दुकानात २१ नसेल तर दुकानदार २२ पुढे करतो आणि एका इंचाने काही बिघडत नाही असे सांगतो. प्रत्यक्षात बिघडू शकते. काही गाड्यांत दोन ब्लेडमधली मोकळी जागा जेमतेम असते, त्यामुळे वाढलेले टोक दुसऱ्या ब्लेडवर आपटते किंवा वरच्या वळणावर काच सोडून बाजूच्या खांबाच्या कडेवर चढते. माप मिळतच नसेल तर एक इंच कमी घेणे त्यातल्या त्यात बरे. काचेची थोडी कड पुसली जाणार नाही, पण काही मोडणार नाही.

हॅचबॅकमध्ये दोन्ही ब्लेड सहसा सारख्या लांबीची नसतात. चालकाच्या बाजूचे लांब असते, दुसरे आखूड. भारतात चालक उजवीकडे बसतो म्हणून लांब ब्लेड उजवीकडे. याच नावाच्या गाड्या युरोपात डाव्या स्टिअरिंगने विकल्या जातात आणि तिथे लांब ब्लेड डावीकडे असते. परदेशी मापांच्या तक्त्यात ‘डावे’ आणि ‘उजवे’ एवढेच लिहिलेले असेल तर आकडे उलटे लागतात. शिवाय बाहेरच्या बाजारासाठी काच आणि दांडे बदललेलेही असू शकतात. त्यामुळे भारतीय गाडीसाठी भारतीय माप, हा नियम सोडू नये. आधीचे ब्लेड मोजण्यातही एक फट आहे. गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली असेल तर तिच्यावरचे ब्लेडच चुकीचे असू शकते. पाणी टाकून वायपर एकदा फिरवला की पुसलेल्या भागाची हद्द काचेवर दिसते. ती चालकाच्या बाजूच्या खांबापर्यंत न पोचता बरीच आधी थांबत असेल, किंवा दोन चापांच्या मध्ये न पुसलेला मोठा त्रिकोण राहत असेल, तर लांबीबद्दल शंका घ्यावी.

जोडणीचा प्रश्न मारुती, ह्युंदाई आणि टाटाच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये सोपा असतो. दांड्याचे टोक इंग्रजी ‘जे’ किंवा ‘यू’सारखे वळवलेले असते आणि त्याला दुकानात हुकच म्हणतात. काही युरोपीय घडणीच्या गाड्यांत मात्र बटण दाबून सुटणारी किंवा दोन्ही बाजूंनी चिमटून सोडायची जोडणी असते. ब्लेडसोबत येणाऱ्या चार-पाच प्लास्टिकच्या तुकड्यांतला एक तिला लागू पडतो असे खोक्यावर लिहिलेले असते. तो तुकडा बसल्यावर ब्लेड हलवून पाहावे. ते पुढे-मागे डुलले पाहिजे, पण आडवे खडखडता कामा नये. सैल जोडणी भर पावसात वेगात सुटते, आणि मग उघडा पडलेला लोखंडी दांडा काचेवर घासतो.

मागचा वायपर वेगळा विचार मागतो. हॅचबॅकची पाठ उभी कापल्यासारखी असल्याने गाडी धावताना तिच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल तो मागच्या काचेवर आणून बसवतो. सेडानपेक्षा हॅचबॅकला मागचा वायपर जास्त लागतो तो यामुळे. त्याचा दांडा बहुतेक वेळा प्लास्टिकचा असतो आणि ब्लेड अडकवण्याची खाच त्या त्या मॉडेलपुरती निराळी असते. ‘सगळ्या गाड्यांना चालणारे’ ब्लेड इथे जवळजवळ कधीच बसत नाही. कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानातून, भागाचा क्रमांक जुळवून तेच ब्लेड घ्यावे.

माप जुळले की मालाकडे पाहायचे. ब्लेडची घडण दोन मुख्य प्रकारची. जुन्या पद्धतीत धातूचा सांगाडा अनेक नख्यांनी रबर धरतो आणि दाब त्या नख्यांच्या जागी वाटला जातो. सपाट, म्हणजे फ्रेमशिवायच्या ब्लेडमध्ये रबरातून आधीच वाकवलेली पोलादी पट्टी जाते आणि दाब सलग पडतो. सपाट ब्लेडला गंजायला सांधे नाहीत, म्हणून कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत, ते जास्त टिकते. त्याची एक अट आहे: पट्टीचा बाक काचेच्या बाकाशी जुळला पाहिजे. बसवल्यावर ब्लेड काचेवर टेकवून एका बाजूने वाकून पाहावे. टोकाखालून उजेड दिसत असेल तर ते ब्लेड त्या काचेचे नाही, मग लांबी कितीही बरोबर असो. सांगाड्याचे ब्लेड अशा वेळी स्वस्तही पडते आणि वक्रतेशी जुळवूनही घेते. त्याचा सांगाडा ताठ असेल तर नुसते रबर बदलण्याची सोयही अनेक ठिकाणी असते.

पुसण्याचे खरे काम रबराच्या खालच्या अरुंद ओठाचे. ब्लेड दिशा बदलते तेव्हा हा ओठ दुसऱ्या बाजूला उलटतो आणि कडेने पाणी ओढत नेतो. नैसर्गिक रबर सर्वांत लवचिक असते आणि नवे असताना सुरेख पुसते, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात, भेगा पाडतात. घर्षण कमी करण्यासाठी त्याच्यावर ग्राफाइटचा थर देतात. तो झिजला की करकर सुरू होते. सिलिकॉनचे रबर उन्हात बरेच जास्त टिकते आणि काचेवर पाणी न धरणारा पातळ थर सोडते. ते महाग असते, आणि मेण किंवा तेलकटपणा असलेल्या काचेवर थरथरते. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या नागपूर किंवा जळगावच्या गाडीला सिलिकॉनचे पैसे वसूल होतात. इमारतीखाली सावलीत राहणाऱ्या गाडीला चांगल्या नैसर्गिक रबराचे ब्लेड दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी बदलणे जास्त शहाणपणाचे. खोक्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो, तो अवश्य वाचावा. रबर दुकानाच्या फळीवरही म्हातारे होते, आणि दोन वर्षांपूर्वीचे ब्लेड नवे म्हणून घेण्यात अर्थ नाही.

बिघाडाच्या खुणा ओळखता आल्या तर नाहक खर्च वाचतो. पुसल्यावर एकाच जागी बारीक रेघ राहते तेव्हा ओठाला चीर पडलेली असते किंवा तिथे कचरा अडकलेला असतो. ओल्या फडक्याने ओठ पुसून रेघ गेली तर ब्लेड ठीक आहे. ब्लेड एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना थरथरत जात असेल तर ओठ एका बाजूला वाकून तसाच कडक झाला आहे, ते बदलावेच. नवे ब्लेडही तसेच थरथरत असेल तर दांडा पिळलेला असण्याची शक्यता मोठी. तो मेकॅनिककडून सरळ करून घ्यायचा. मोठा पट्टा न पुसता राहत असेल तर दांड्याची स्प्रिंग ढिली झाली आहे आणि महागातले ब्लेडही तिथे हरते. बदलताना काचेवर दुमडलेला जाड टॉवेल ठेवावा. ब्लेड काढल्यावर उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने खाली आपटला तर समोरची काच तडकते, आणि ही हानी ब्लेडच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

एक धूसरपणा मात्र कोणत्याही वायपरने जात नाही, कारण तो काचेच्या आतल्या बाजूला असतो. रात्री समोरून दिवे आले की काचेवर दुधट पडदा दिसतो, आणि बोट फिरवले की बोटाला चिकट लागते. गाडीतल्या प्लास्टिकमधून उन्हात निघणारी वाफ थंड काचेवर बसून हा थर होतो. स्वस्त रेक्झिनचे नवे सीट कव्हर घातल्यावर तो एकदम वाढतो. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, आणि पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. बंद गाडीत तोच हळूहळू उडून जातो. परिणाम दुहेरी होतो: काच धूसर होते, आणि तेल गमावलेले रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी तडकते. त्यामुळे कव्हर घेताना वास घ्यायला संकोच करू नये. डोके धरणारा रासायनिक वास असेल तर तो माल गाडीत घालण्याजोगा नाही.

सीट कव्हरमध्ये माल दुसरा, आधी बसणी. आणि बसणीत सर्वांत आधी एअरबॅग. इथे पिढीचा फरक जिवाशी येऊन भिडतो. भारतातल्या तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टला दोन एअरबॅग होत्या, एक स्टिअरिंगमध्ये आणि एक डॅशबोर्डमध्ये. सीटमध्ये काहीच नव्हते. मे २०२४ च्या स्विफ्टला मात्र सर्व प्रकारांत सहा एअरबॅग मिळाल्या, आणि त्यांतल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला बसवलेल्या असतात. बाजूने धडक बसली तर दार आणि माणूस यांच्यात वीतभरच अंतर असते. त्यामुळे ही पिशवी पापणी लवायच्या आत, सीटचे कापड फाडून बाहेर यावी लागते. कंपनी त्या जागी मूळ कापडाची शिवण मुद्दाम अशी ठेवते की ती नेमकी उसवावी. तिच्यावर जाड, सलग कव्हर चढवले तर पिशवी उशिरा उघडते, पूर्ण फुगत नाही किंवा भलत्या दिशेला जाते. तिसऱ्या पिढीसाठी शिवलेले कव्हर चौथ्या पिढीच्या सीटवर ओढूनताणून बसवणे म्हणजे विकत घेतलेले संरक्षण शिवून टाकणे.

आपल्या सीटमध्ये एअरबॅग आहे का, हे दार उघडून पाहता येते. पाठीच्या दाराकडच्या कडेवर एअरबॅग असे लिहिलेली छोटी कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी असते. ती असेल तर दोनच तऱ्हांची कव्हरे विचारात घ्यावीत. एका तऱ्हेत कव्हरची ती बाजू पूर्ण उघडी ठेवलेली असते आणि मूळ कापड दिसत राहते. दुसऱ्या तऱ्हेत त्या जागी कमकुवत दोऱ्याची, उसवणारी शिवण असते. दुसरी तऱ्हा दिसायला नेटकी, पण शिवण खरोखर कमकुवत आहे का हे दुकानात उभे राहून कळत नाही. फक्त विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून उघड्या बाजूचे कव्हर, थोडे कमी देखणे असले तरी, जास्त भरवशाचे. पुढची दोन कव्हरे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. चालकाची मोकळी बाजू उजवीकडे, शेजारच्याची डावीकडे. घाईत अदलाबदल झाली की मोकळी जागा गिअरकडे जाते आणि एअरबॅगवर जाड थर येतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत अशा सीटवर कव्हर घालण्याबद्दल इशारा असतो. तो वाचल्याशिवाय दुकानात जाऊ नये.

‘बकेट फिट’ म्हणून मिळणारी घट्ट कव्हरे बसवताना काही कारागीर सीट गाडीबाहेर काढतात. सीटखाली पिवळ्या रंगाचा वायरचा जोड असतो, तो एअरबॅगचा. तो सुटलेला असताना गाडी चालू केली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जावे लागते. त्यामुळे एअरबॅगवाल्या सीट काढू देऊ नयेत. जागच्या जागी बसणारे कव्हरच घ्यावे. काम झाल्यावर चावी फिरवून तो दिवा काही सेकंदांत विझतो ना, हे कारागिरासमोरच पाहावे.

एअरबॅगनंतर मागची सीट. ती अखंड आहे की ६०:४० दुभंगते, दुभंगत असेल तर मोठा भाग कोणत्या बाजूला, हेडरेस्ट सुटे होतात की पाठीतच घडवलेले आहेत, मध्ये हात टेकायची फळी आहे का, या प्रत्येक प्रश्नाने कव्हर बदलते. दुभंगणाऱ्या सीटला अखंड कव्हर घातले की डिकीत लांब सामान ठेवण्याची हॅचबॅकची मोठी सोयच जाते. पट्ट्यांची बकले वर राहावीत म्हणून कव्हरला योग्य जागी खाचा हव्यात. खाच चुकली की बकल गादीच्या फटीत दडपले जाते आणि मागचे प्रवासी पट्टा लावत नाहीत, जरी तो कायद्याने त्यांनाही बंधनकारक आहे. लहान मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे कडे पाठ आणि बैठक यांच्या फटीत असते. तिथेही कव्हरला चीर पाहिजे.

मालाची निवड हवेवर ठरते. ‘लेदर’ म्हणून बाजारात मिळणारी बहुतेक कव्हरे कातड्याची नसून पीयूची, म्हणजे पॉलियुरेथेनच्या थराची असतात. पीयू रेक्झिनपेक्षा मऊ आणि कमी वासाचे, पण दमटपणा त्याचा शत्रू. ओलावा त्या थराचे रासायनिक बंध तोडतो आणि हलक्या प्रतीचे पीयू काही पावसाळ्यांनंतर सालपटांसारखे सुटू लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे ते लवकर घडते. तिथे विणीचे पॉलिएस्टर कापड किंवा चांगल्या प्रतीचे मायक्रोफायबर जास्त साथ देते. विदर्भ-मराठवाड्यात ओलाव्यापेक्षा ऊन भारी, म्हणून तिथे रंग फिका आणि पृष्ठ हवा खेळू देणारे असावे. उन्हात तापलेल्या काळ्या रेक्झिनवर लहान मुलाला टेकवता येत नाही. दुकानात नमुना घडी घालून जोरात दाबावा आणि उलगडावा. घडीवर पांढरी रेघ उरली तर थर पातळ किंवा कडक आहे. मग उलट बाजू पाहावी: मागे घट्ट विणलेले कापड हवे, नुसता जाळीदार अस्तराचा तुकडा नव्हे. शिवण दोन्ही हातांनी ताणली की टोचे मोठे होऊन आतला फोम दिसत असेल तर ती पहिल्याच वर्षी उसवेल. दोरा पॉलिएस्टरचा असलेला बरा, कारण उन्हात तो नायलॉनपेक्षा जास्त तग धरतो. फोम जाड म्हणजे आराम जास्त, हा समज चुकीचा आहे. हॅचबॅकची सीट आधीच आटोपशीर असते. जाड फोमने पाठीला दोन्ही बाजूंनी मिळणारा आधार बुजतो आणि उंच चालकाचे डोके छताजवळ जाते.

बसवून झाल्यावर दुकान सोडण्याआधी सीट पुढे-मागे सरकवावी, पाठ पाडून उभी करावी, उंचीचा खटका असेल तर चालवावा, मागची सीट दुमडावी आणि प्रत्येक बकल लावून सोडून पाहावे. खालच्या दोऱ्या किंवा हुक रुळात वा वायरींत अडकत असतील तर ते लगेच कळते. बिलावर नुसते गाडीचे नाव न लिहिता उत्पादनाचे वर्ष, प्रकार आणि ‘बाजूच्या एअरबॅगसाठी’ हे शब्द लिहून घ्यावेत, म्हणजे चुकीचा माल परत करताना वाद उरत नाही. आणि एअरबॅगची पट्टी असलेल्या सीटसाठी त्याच पिढीचे, त्याच बाजूने मोकळे कव्हर मिळत नसेल, तर पुढच्या दोन सीट मूळ कापडावरच ठेवाव्यात आणि कव्हर फक्त मागच्या सीटला घालावे.